ड्रिलिंग रिगवरील एच-टू-एस, ब्लोआउट आणि मस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतून अनेक जण मुंबईजवळच्या समुद्रातील, राजस्थान-आसाममधील किंवा आखातातील रिगवर कामाला जातात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतील बरेचसे प्रश्न पाइप विहिरीतून वर काढण्याच्या कामाशी, म्हणजे ट्रिपशी, संबंधित आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण वायू विहिरीत शिरण्याचा धोका प्रत्यक्ष ड्रिलिंगपेक्षा या कामात अधिक सहज नजरेआड होतो. तुमच्या रिगची लेखी कार्यपद्धती आणि येथील उत्तर यांत फरक आढळला, तर रिगची पद्धत पाळावी आणि तो फरक टूलपुशरला विचारावा.

१. एच-टू-एस म्हणजे काय आणि तो विहिरीत कोठून येतो?

एच-टू-एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा रंगहीन, विषारी आणि ज्वलनशील वायू काही भूस्तरांतील तेल आणि नैसर्गिक वायू यांच्यासोबत मुळातच असतो. विहीर त्या स्तरापर्यंत पोहोचली आणि मडचा, म्हणजे विहिरीत भरलेल्या ड्रिलिंगच्या जड द्रवाचा, दाब स्तराच्या दाबापेक्षा कमी पडला, की तो विहिरीत शिरतो. तो हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे वारा नसेल तर सेलरमध्ये, मड टँकच्या आसपास आणि खोलगट जागी साचतो. मात्र दाबाने जोरात बाहेर पडणारा किंवा गरम वायू आधी वरही जातो, म्हणून ‘मी डेरिकवर आहे, मला काही होणार नाही’ असे कोणीही समजू नये. तो पेटला तर त्यापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि तोही विषारीच असतो.

२. सडक्या अंड्यांचा वास आला की पळायचे, एवढे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. आपल्या भागात साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याजवळून गेलेल्या प्रत्येकाला हा वास ओळखीचा आहे, आणि नेमक्या त्या ओळखीमुळे माणूस फसतो. हवेत अगदी थोडा वायू असतानाही वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेले की काही मिनिटांत वासाची जाणीव बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात प्रमाण वाढलेले असते. कमी प्रमाणातही बराच वेळ थांबल्यास नाक सरावते. म्हणून वास आला तर ती सूचना समजून ताबडतोब हलावे, परंतु वास नाही याचा अर्थ धोका नाही असा कधीही घेऊ नये. त्याचा निर्णय केवळ चालू स्थितीतील, तपासलेला डिटेक्टर देतो.

३. किती पीपीएमला शरीरावर काय परिणाम होतो?

बहुतेक रिगवर पहिला अलार्म १० पीपीएमला आणि दुसरा २० पीपीएमला लावलेला असतो. १०० पीपीएम ही पातळी जीवाला तात्काळ धोका असलेली मानली जाते. तेथे श्वसनसाधनाशिवाय कोणीही थांबू नये. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो, आणि १,००० पीपीएमच्या वर एकदोन श्वासांतच शुद्ध हरपून श्वास बंद पडू शकतो. १,००० पीपीएम म्हणजे हवेचा केवळ एक दशांश टक्का, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

४. मी गावाकडे बोअरवेलच्या गाडीवर काम केले आहे. तेथे आणि येथे धोका सारखाच का?

सारखा नाही. आपल्या काळ्या कातळात पाण्यासाठी बोअर मारताना खाली तेल-वायूचा दाबाखालील साठा नसतो, त्यामुळे मड, विहिरीचे तोंड बंद करणारे बीओपी आणि किक यांचा तेथे प्रश्न येत नाही. तुम्हाला पाइप, रॉड आणि उचलण्याच्या कामाचा सराव असेल, तर तो उपयोगी पडेल. पण ‘पाणी लागले की वर उसळते’ या अनुभवावरून तेल-वायूच्या विहिरीतील प्रवाहाचा अंदाज करू नये. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. जुन्या विहिरीत, मळीच्या टाकीत किंवा बायोगॅसच्या खड्ड्यात उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. त्याविषयी प्रश्न १२ पाहावा.

५. किक आणि ब्लोआउट यांत फरक काय?

स्तरातील वायू, तेल किंवा पाणी नको असताना विहिरीत शिरले की ती किक. ती वेळेत ओळखून विहीर बंद केली आणि शिरलेला भाग नियंत्रणाखाली बाहेर काढला, तर काम पुढे चालू राहते. ती आवाक्याबाहेर गेली की तो ब्लोआउट. म्हणजे ब्लोआउट टाळण्याचे बहुतेक काम किक लहान असतानाच करायचे असते.

६. ट्रिप करताना किक आली हे कसे ओळखावे? ट्रिप शीटचे आकडे नक्की काय सांगतात?

पाइप वर काढला की त्याच्या पोलादाने व्यापलेली जागा विहिरीत रिकामी होते आणि तेवढाच मड ट्रिप टँकमधून विहिरीत भरावा लागतो. विहिरीने अपेक्षेपेक्षा कमी मड घेतला, तर उरलेली जागा कशाने तरी भरली आहे, आणि ती बहुधा स्तरातून आलेल्या द्रवाने किंवा वायूने भरली आहे. किकची याहून लवकर मिळणारी सूचना ट्रिपमध्ये दुसरी नाही.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. पाइप ५ इंची आहे, एकत्र जोडलेल्या पाइपांचा एक स्टँड सुमारे २८ मीटरचा आहे आणि पाइपमध्ये जड मडचा स्लग सोडल्यामुळे पाइप आतून कोरडा निघतो आहे. अशा एका स्टँडमागे विहिरीने साधारण ०.७५ बॅरल, म्हणजे सुमारे १२० लिटर मड घ्यायला हवा. पहिल्या ५ स्टँडनंतर हिशेबाने ३.७५ बॅरल जायला हवे होते, पण टँक ३.२ बॅरलनेच उतरला. सुरुवातीला थोडा फरक पडतोच, असे म्हणून काम पुढे चालू राहिले. पुढच्या ५ स्टँडमध्ये केवळ २.५ बॅरल गेले. आता एकूण ७.५ ऐवजी ५.७ बॅरल, म्हणजे १.८ बॅरलची तूट आहे. दुसऱ्या पाच स्टँडमधील तूट पहिल्यापेक्षा मोठी आहे, हे त्यातले सर्वांत बोलके चिन्ह. बिटभोवती चिकटलेल्या मातीमुळे किंवा पाइप जोरात ओढल्यामुळे तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा खालचा दाब कमी करतो आणि स्तरातून वायू ओढला जातो. यालाच रिगवर स्वॉबिंग म्हणतात.

१.८ बॅरल म्हणजे जेमतेम २८५ लिटर. एवढ्याशा वायूचे भय कशाला, असा प्रश्न हमखास येतो. ३,००० मीटर खोलीवर पाण्याच्या १.२ पट जड मड असेल तर तेथील दाब सुमारे ३५० बार असतो. तो वायू उघड्या विहिरीत वर येऊ लागला, की ढोबळ हिशेबाने १,५०० मीटरवर त्याचे आकारमान दुप्पट, म्हणजे ३.६ बॅरल होते. ७५० मीटरवर चौपट. उरलेली सगळी वाढ शेवटच्या काहीशे मीटरमध्ये होते, आणि तेव्हा तो वरचा मड बाहेर ढकलतो, मडचा दाब आणखी घटतो आणि खालून नवा वायू येतो. म्हणूनच बराच वेळ शांत दिसणारी विहीर शेवटी काही मिनिटांत उसळते.

वरील उदाहरणात खरे तर पहिल्या ५ स्टँडनंतरच थांबायला हवे होते. टँकची पातळी वाचणारा आणि शीट भरणारा माणूस वेगळा असला, तर दोघांनी प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने बोलून ताडून पाहावा. आधीच्या ट्रिपची शीट शेजारी ठेवणेही तितकेच उपयोगी, कारण त्याच विहिरीने त्याच खोलीवर मागच्या वेळी किती मड घेतला होता हे त्यातून लगेच कळते. शीट काम संपल्यावर अंदाजाने भरण्याची सवय ज्या क्रूला आहे, त्या क्रूकडे किकची पहिली सूचना पोहोचतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

७. तूट दिसली, पण फ्लो चेक केला तर विहीर वाहत नव्हती. मग ट्रिप पुढे चालू ठेवायला हरकत काय?

हरकत आहे, आणि या प्रश्नावर अनुभवी माणसेही घसरतात. फ्लो चेक एवढेच सांगतो की या क्षणी विहीर आपणहून वाहत नाही. खाली थोडा वायू शिरला असला तरी वरच्या मडचा दाब अजून पुरेसा असू शकतो, त्यामुळे पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. एच-टू-एसच्या बाबतीत हे अधिक खरे ठरते, कारण तो मडमध्ये, विशेषतः तेल-आधारित मडमध्ये, मोठ्या प्रमाणात विरघळून राहतो आणि पृष्ठभागाजवळ दाब घटल्यावर एकदम सुटतो.

म्हणून विहीर वाहत असेल तर ती तत्काळ बंद करावी (प्रश्न ८). वाहत नसेल तर पाइप वर काढणे थांबवून तळाकडे परत जावे. उतरताना प्रत्येक स्टँडमागे पोलादाइतकाच मड परत येतो का, हे मोजावे. खाली उतरलेला पाइप वायूच्या जागेत शिरला की त्याच वायूची उंची वाढते आणि मधेच विहीर वाहू लागू शकते, त्यामुळे या वेळी कोणी सुस्त राहू नये. तळाशी पोहोचल्यावर खालचा सगळा मड वर येईपर्यंत सर्क्युलेशन करावे. एच-टू-एसची शक्यता असेल तर ते प्रवाह आवरणाऱ्या चोकमधून करावे, आणि मड गाळणाऱ्या शेकरजवळच्या माणसांनी वायू वर येण्याच्या अपेक्षित वेळेच्या बरेच आधी श्वसनसाधन घातलेले असावे.

८. ट्रिप चालू असताना विहीर बंद करायची वेळ आली तर फ्लोअरवरच्या माणसाचे काम कोणते?

ड्रिलर अलार्म देऊन पाइप अशा उंचीवर थांबवतो की जोड हाताच्या टप्प्यात येईल, आणि स्लिप्स बसतात. त्यानंतर पाइपच्या तोंडावर उघडा असलेला फुल ओपनिंग सेफ्टी व्हॉल्व बसवून घट्ट करायचा आणि मगच बंद करायचा. तो उघडा असतानाच बसवायचा असतो, कारण आतून प्रवाह येत असेल तर बंद व्हॉल्व हातांनी दाबून बसत नाही. पाइपचे तोंड बंद झाल्यावर ड्रिलर ॲन्युलर बीओपी बंद करतो आणि चोक लाइनवरचा व्हॉल्व उघडतो. बहुतेक ठिकाणच्या हार्ड शट-इन पद्धतीत चोक आधीपासून बंदच असतो. पुढे पाइपमधला दाब, केसिंगमधला दाब आणि टँकमधली वाढ यांची वेळेसह नोंद होते.

या सगळ्यात अडखळण्याचे ठिकाण बहुधा अगदी साधे असते. व्हॉल्व फिरवण्याचा पाना रेलिंगला टांगलेला नसतो, कोणीतरी तो दुसऱ्या कामाला नेलेला असतो, किंवा व्हॉल्वच्या आट्यांवर वाळलेल्या मडचा थर असतो. फ्लोअरवर आता ड्रिल कॉलर आहेत, पण व्हॉल्वचे आटे ड्रिल पाइपचे आहेत आणि जुळवणारा क्रॉसओव्हर पाइप रॅकवर पडला आहे, असेही घडते. शिफ्ट हातात घेताना व्हॉल्व उघडा आहे, पाना जागेवर आहे आणि क्रॉसओव्हर फ्लोअरवर आहे, या तीन गोष्टी हात लावून पाहाव्यात.

९. बीओपी असताना ब्लोआउट होतोच कसा?

बीओपी आपणहून किक ओळखत नाही. ते माणसाने बंद करावे लागते, आणि तेही वायू वर येण्याआधी. जमिनीवरच्या रिगवर रॅम साधारण ३० सेकंदांच्या आत बंद व्हावेत अशी अपेक्षा असते. त्यामागचा दाब ॲक्युम्युलेटरमध्ये साठवलेला असतो, आणि तेथे गळती असेल तर बटण दाबूनही रॅम वेळेत मिटत नाहीत. पाइप रॅम ठरावीक जाडीच्या पाइपभोवतीच बसतात. ब्लाइंड शिअर रॅम पाइपचा मधला भाग कापू शकतात, पण समोर टूल जॉइंट किंवा ड्रिल कॉलर आला तर बहुतेक शिअर रॅम तो कापू शकत नाहीत. म्हणून जोड नेमका कोठे आहे हे ड्रिलरला माहीत असावे लागते.

बीओपी काढलेले असतानाचा काळ वेगळाच नाजूक असतो. आसाममधील बाघजान येथील विहिरीत २७ मे २०२० रोजी ब्लोआउट झाला, तो वर्कओव्हरच्या कामात बीओपी काढलेले असताना. ९ जूनला तेथे आग लागली आणि विहीर नियंत्रणात यायला नोव्हेंबर उजाडला. बीओपी हलवण्याआधी विहिरीत खाली बसवलेला अडथळा खरोखर दाब धरतो का, हे तपासून पाहिल्याशिवाय बोल्ट सैल करू नये.

१०. एच-टू-एसचा अलार्म आणि किक एकाच वेळी आले तर आधी मास्क की आधी विहीर?

आधी मास्क. बेशुद्ध ड्रिलर विहीर बंद करू शकत नाही. श्वास रोखून, हाताशी असलेला संच सरावाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास घालता येतो, आणि ज्या रिगवर हा वायू अपेक्षित आहे तेथे ड्रिलरजवळ हवेची नळी किंवा सिलिंडरचा संच असायलाच हवा. मग ड्रिलर आणि ज्यांची नावे आधी ठरलेली आहेत तेवढीच माणसे विहीर बंद करतात. बाकी सर्वांनी मस्टरकडे, म्हणजे हजेरीच्या ठरलेल्या जागेकडे, निघायचे. ‘मदत करतो’ म्हणून मागे राहिलेला माणूस हजेरीत बेपत्ता ठरतो आणि त्याच्या शोधासाठी दुसऱ्याला धोक्यात जावे लागते.

छोटा एस्केप संच आणि कामाचा संच यांची गल्लत होऊ देऊ नये. एस्केप संचात साधारण १० ते १५ मिनिटांची हवा असते आणि ती फक्त बाहेर पडण्यासाठी आहे. ३० मिनिटांचा लिहिलेला संचही जड कामात धाप लागल्यावर तितका वेळ पुरत नाही, त्यामुळे त्याची शिट्टी वाजली की काम अर्धवट सोडून बाहेर पडावे.

११. मस्टरला कोणत्या जागी जायचे? प्रत्येक ड्रिलमध्ये आम्ही एकाच जागी जातो.

एकाच जागी जाण्याची सवय हाच या प्रश्नातला दोष आहे. एच-टू-एससाठी किमान दोन जागा ठरवलेल्या असतात, जेणेकरून वारा कसाही असला तरी एक जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, राहील. अलार्म होताच पहिली नजर विंडसॉककडे जावी. तुम्ही वायूपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला असाल, तर सरळ वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळत वायूतूनच जाऊ नये. आधी वाऱ्याला आडवे जाऊन त्या पट्ट्यातून बाहेर यावे आणि मग वळसा घेऊन वरच्या बाजूला जावे. वारा पडलेला असेल तर विहिरीपासून दूर आणि शक्य तितक्या उंच जागी जावे.

पोहोचल्यावर टी-कार्ड फिरवून किंवा रिगवर असेल त्या पद्धतीने हजेरी लावायची. स्वतःचेच कार्ड फिरवावे. मित्र मागून येतोच आहे म्हणून त्याचे कार्ड फिरवले, तर कागदावर संख्या जुळते आणि माणूस मात्र वायूत राहतो. त्या दिवशी आलेला पुरवठ्याचा ट्रकचालक, स्वयंपाकघरातला माणूस आणि झोपेत असलेली दुसरी शिफ्ट यांची मोजणीत सर्वाधिक गफलत होते, म्हणून ड्रिल कधीतरी रात्री आणि जेवणाच्या वेळेलाही घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडची एक अडचण येथेच नोंदवतो. एका क्रूमध्ये खानापूरचा मराठी, गोकाकचा कन्नड आणि बिहारचा हिंदी बोलणारा असतो, आणि ध्वनिक्षेपकावर सूचना इंग्रजीत होते. आग, वायू आणि रिग सोडणे यांचे भोंगे वेगवेगळे असतात. ते पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष ऐकून घ्यावेत आणि न समजल्यास पुन्हा वाजवायला सांगावे. त्यात कमीपणा नाही.

१२. सोबतचा माणूस डोळ्यांसमोर कोसळला तर धावत जाऊन उचलायचे नाही का?

श्वसनसाधन घातल्याशिवाय नाही. हे उत्तर कठोर वाटते, हे मी जाणतो; भावासारख्या माणसाला पडलेला पाहून पाय जागीच ठेवणे सोपे नसते. परंतु ज्या हवेने तो पडला तीच हवा तुम्ही घेणार आहात, आणि त्याला ओढताना तुम्हाला अधिक खोल श्वास लागणार आहे. आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे, अलार्म द्यावा, संच घालावा आणि जोडीने परत जावे. त्याला स्वच्छ हवेत आणल्यावर श्वास नसेल तर तत्काळ कृत्रिम श्वास आणि सीपीआर सुरू करावा. शक्य तेथे तोंडाने श्वास देण्याऐवजी पिशवी-मास्क वापरावा. उठून बसला तरी त्याला कामावर परत पाठवू नये. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनंतरही होऊ शकतो.

१३. श्रावण पाळतो किंवा अय्यप्पाची दीक्षा घेतली आहे, म्हणून दाढी वाढवली आहे. मास्क घट्ट आवळला तर चालेल का?

चालणार नाही. मास्कची कड त्वचेला टेकून हवाबंद होते. केसांमुळे तेथे फट राहते आणि पट्टे आवळून ती बुजत नाही. आपल्या भागात व्रताचा आदर आहे आणि तो असावा. म्हणून रिगवर जाण्याआधीच कंपनीला कळवून त्या काळात मास्क लागणार नाही अशा जागेचे काम किंवा रजा मागावी. नेहमीच्या चष्म्याच्या काड्याही तशीच फट पाडतात. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची चौकट मिळते, ती मागून घ्यावी.

१४. विहिरीजवळ वस्ती असेल तर आमच्या मस्टरने काय साध्य होते?

रिगच्या क्रूची मोजणी पुरी झाली म्हणून धोका संपत नाही. २३ डिसेंबर २००३ च्या रात्री चीनमधील चोंगचिंगजवळच्या कायश्यान भागात एका वायूविहिरीत पाइप वर काढताना ब्लोआउट झाला आणि एच-टू-एसमुळे २४३ माणसे मेली. त्यांतील बहुतेक जण आसपासचे गावकरी होते. चौकशीत पुढे आलेली कारणे ओळखीची आहेत: पाइप काढताना विहिरीत पुरेसा मड भरला गेला नाही, पाइपमधला उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व काढून टाकलेला होता, आणि बाहेर पडणारा वायू पेटवण्याचा निर्णय फार उशिरा झाला. पेटवलेल्या वायूतून निघणारा सल्फर डायऑक्साइडही विषारीच, पण ज्वालेच्या उष्णतेने तो वर उचलला जातो, तर न पेटलेला एच-टू-एस थंड रात्री दरीत आणि घरांत पसरत जातो. विहीर आवाक्याबाहेर गेली तर कोणाच्या आदेशाने आणि कशाने ती पेटवायची, हे आधीच लिहून ठेवलेले असते. वस्तीजवळच्या रिगवर जाणाऱ्याने तो आदेश देणाऱ्याचे नाव आणि गावाला सूचना देण्याची पद्धत पहिल्या सुरक्षा बैठकीतच विचारून घ्यावी.

१५. ट्रिप संपली, डिटेक्टर शून्य दाखवतो. आता मास्क काढू का?

डिटेक्टर जेथे बसवला आहे तेथे शून्य आहे, एवढेच त्यावरून कळते. स्तरातून काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या, म्हणजे कोअरच्या, नळीत वायू अडकलेला असतो आणि ती उघडताना सुटतो. म्हणून कोअर वर येण्याआधी काही स्टँडपासून मास्क घालतात आणि नळी उघडून मोजणी होईपर्यंत काढत नाहीत. मड टँकच्या तळाशी साचलेला गाळ ढवळला गेला किंवा मडचा अल्कली गुण घटला, तरी विरघळलेला सल्फाइड पुन्हा वायू होऊन बाहेर येतो. टँकमध्ये साफसफाईला उतरण्याआधी परमिट आणि त्या जागेची स्वतंत्र मोजणी का लागते, याचे कारण हेच. मास्क काढण्याची परवानगी मोजणी करणारा अधिकृत माणूस देतो, आणि ती त्याने मोजलेल्या जागेपुरतीच असते.